फ्लेक्सवरचा 'हॅड' : 'आय विश'नंतर भूतकाळ लागतो का, याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूरला रोज संध्याकाळी सहा ते आठ माझी इंग्रजीची एक बॅच असते. पदवी झालेली, बँकेच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली. बहुतेक औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर तालुक्यांतून आलेली, मराठी माध्यमातली, शहरात कॉट बेसिसवर राहणारी. नियम पाठ करण्यात ही मुलं तरबेज असतात. एकदा फळ्यावर लिहिलं की दुसऱ्या दिवशी स्वल्पविरामासकट परत म्हणून दाखवतात. पुढं जे घडलं त्याला हा गुणच कारण झाला.

ज्याच्यामुळं हे लिहावंसं वाटलं त्या मुलाला इथं बालाजी म्हणू. नाव बदललेलं आहे, घरचे एक-दोन तपशीलही. वडिलांची औसा तालुक्यात कोरडवाहू शेती, पीक सोयाबीन. घरात इंग्रजी येणारा हा एकटाच, म्हणून गावात बँकेचा फॉर्म असो की औषधाच्या डब्यावरची सूचना, लोक त्याच्याकडंच घेऊन येतात.

अडचण कुठं दिसली

मे महिन्याच्या शेवटी एक सराव चाचणी घेतली. वाक्याचे तुकडे पाडून दिलेले आणि चुकीचा तुकडा ओळखायचा, असा नेहमीचा प्रश्न. वाक्य होतं, 'आय विश आय न्यू द आन्सर नाउ.' वाक्यात चूक नव्हती. उत्तर होतं 'नो एरर'. पण अर्ध्याहून जास्त वर्गानं 'न्यू'वर खूण केली.

मी बालाजीला कारण विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, शेवटी नाउ आहे ना. नाउ म्हणल्यावर न्यू कसं चालंल? नो पायजे."

हे कारण पोकळ नाही. पाचवीपासून आपण मुलांना हेच शिकवतो की 'यस्टर्डे' दिसलं की भूतकाळ, 'नाउ' दिसलं की वर्तमानकाळ. दुसरं कारण 'विश'च्या मराठी अर्थात दडलेलं आहे. शब्दकोशात 'विश' म्हणजे इच्छा. मग मूल मनात वाक्य जुळवतं, 'मला उत्तर माहीत असावं अशी माझी इच्छा आहे.' 'असावं'मध्ये भूतकाळाचा मागमूस नाही, म्हणून 'आय विश आय नो'. मराठीतून इंग्रजीत येणारा जवळपास प्रत्येक जण इथंच अडखळतो. आणि ही 'असं म्हटलं तरी चालतं' अशातली चूक नाही. 'आय विश आय नो' प्रमाण इंग्रजीत कुठंच बसत नाही.

पहिला निर्णय, माझाच

आठ वाजायला दहा मिनिटं होती. निलंग्याची शेवटची बस गाठणारी दोन मुलं दप्तर भरत होती. मी फळ्यावर एक ओळ लिहिली, 'विश आणि इफ ओन्ली यांच्यानंतर नेहमी भूतकाळ.' 'नेहमी'खाली दोन रेघा ओढल्या.

पुढच्या आठवड्यात तशाच प्रकारची तीन वाक्यं दिली. जवळपास सगळ्यांची बरोबर. काम झालं असं समजून मी पुढच्या धड्याकडं वळले. आता मागं वळून पाहताना कळतं की ती चाचणी माझ्या नियमालाच साजेशी होती. 'विश' दिसलं की भूतकाळावर खूण, बास. समजण्याची गरजच नव्हती.

फ्लेक्स

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बालाजीच्या चुलतभावाचं लग्न होतं. गावाकडच्या लग्नात फ्लेक्स नसला तर चालतच नाही. वर नेत्यांचे गोल फोटो, मध्ये नवरा-नवरी, खाली गॉगल घातलेल्या मित्रमंडळाची रांग. मजकुराची जबाबदारी बालाजीकडं आली. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तयार ओळ होती, 'वुई विश यू अ हॅपी मॅरीड लाइफ.' बालाजीनं ती वाचली आणि त्याला त्यात 'चूक' दिसली. विश आहे, पण भूतकाळ कुठंय? त्यानं ती दुरुस्त करून घेतली.

मांडवाच्या कमानीवर दहा फुटी फ्लेक्स लागला, 'वुई विश यू हॅड अ हॅपी मॅरीड लाइफ.'

त्याचा अर्थ होतो, 'तुमचा संसार सुखाचा नाही, असता तर बरं झालं असतं.' नवरीकडच्या एका पाहुण्यानं, जे ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतात, अक्षता पडायच्या आधीच नवऱ्याला विचारलं, "अहो, अजून हार घातला नाही तोवरच असं म्हणायलेत होय तुमचे लोक?" हशा पिकला. कोणीतरी शिडी लावून झेंडूची माळ नेमकी 'हॅड'वर सोडली.

सोमवारी बालाजीनं मोबाइलमधला फोटो माझ्यासमोर धरला. त्याला हसू येत नव्हतं. "मॅडम, नेहमी भूतकाळ असं तुम्हीच म्हणलात."

म्हणाले होते. त्या रात्री मी सगळ्यांच्या निबंधाच्या वह्या पुन्हा काढल्या, या वेळी 'विश' शोधत. एका अर्जात 'आय विश टू इन्फॉर्म्ड यू' होतं. एका मुलीनं लिहिलं होतं, 'आय विश आय पास्ड द एक्झाम नेक्स्ट मंथ.' आणि सगळ्यात चिंतेची गोष्ट म्हणजे नियम शेजारच्या शब्दालाही चिकटला होता, 'आय होप यू केम टुमॉरो.' महिन्यापूर्वी याच वह्यांत 'आय होप यू विल कम' असं नीट लिहिलेलं सापडलं. म्हणजे एक चूक काढताना मी तीन नव्या पेरल्या होत्या, आणि त्यांतली एक तर आधी बरोबर येणाऱ्या जागी.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तक्ता द्यायचा. बाजारातल्या गाइडमध्ये असतो तसा. 'विश'नंतर नाम आलं तर एक रचना, 'टू' आलं तर दुसरी, साधा भूतकाळ, पूर्ण भूतकाळ, 'वुड', 'कुड'. तक्ता चुकीचा नसतो. पण कोणत्या ओळीत जायचं हे तक्ता सांगत नाही. बालाजी फ्लेक्सवाल्याच्या दुकानात उभा असताना त्याच्या मनात तक्ता असता तरी तो आंधळेपणानंच एका ओळीवर बोट ठेवणार होता.

दुसरा पर्याय सुचवला तो शेजारच्या वर्गात मराठी व्याकरण शिकवणाऱ्या सरांनी. ते म्हणाले, "तुमचं हे विश म्हणजे आमचा संकेतार्थ. 'तू आला असतास तर मी गेलो असतो.' पोरांना हे पाठ आहे. उगाच नवीन काय सांगताय?"

यावर मी दोन दिवस विचार केला, कारण ते जे म्हणत होते त्याच्याही पुढं काहीतरी होतं. मराठीत आपण आजची खंत भूतकाळी रूपातच सांगतो. मुलाला नोकरी लागली, पेढे आले, आणि आई फोटोकडं बघून म्हणते, 'आज अण्णा असायला हवे होते.' 'आज' आणि 'होते' एकाच वाक्यात. कोणालाही ते खटकत नाही. ती कालची गोष्ट सांगत नाही. अण्णा आता नाहीत, एवढंच ते 'होते' सांगतं. 'नाउ'जवळ 'न्यू' कसं चालंल, या बालाजीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या घरातल्या बोलण्यातच होतं. इंग्रजीतही हे वाक्य असंच होतं, 'आय विश फादर वेअर हिअर टुडे.' 'टुडे' आहे आणि 'वेअर'ही आहे. क्रियापदाचं मागं गेलेलं रूप इथं वेळ मागं नेत नाही. ते गोष्टीला खऱ्यापासून दूर नेतं.

(इथं 'वेअर' की 'वॉज', हे मुलं विचारतातच. बोलताना दोन्ही चालतात. परीक्षेत आणि औपचारिक लिहिताना 'वेअर' ठेवा, वाद नको.)

पण मराठीची ही वाट शेवटपर्यंत पोचत नाही. 'मला माहीत असतं तर!' याचं इंग्रजी काय? 'आय विश आय न्यू' की 'आय विश आय हॅड नोन'? मराठीत एकच 'असतं तर' आत्ताच्या अज्ञानालाही पुरतं आणि गेल्या वर्षीच्या अज्ञानालाही. इंग्रजी दोन वेगळी रूपं मागते. आपली भाषा संदर्भावर सोडते ती गोष्ट इंग्रजी क्रियापदातच ठरवून टाकते. त्यामुळं केवळ भाषांतरावर भिस्त ठेवली असती तर निम्मी वाक्यं पुन्हा अडली असती.

तिसरा पर्याय व्याकरणाचा इतिहास सांगण्याचा होता. इंग्रजीत एके काळी अशा कल्पित गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपं होती, ती झिजत गेली, आणि 'आय वेअर' हा त्याचा उरलेला तुकडा. मला हे सांगायला आवडलं असतं. पण संध्याकाळी सात वाजता, दिवसभर गणित आणि बुद्धिमत्ता सोडवून आलेल्या मुलांना ते ऐकवायची छाती झाली नाही.

काय केलं

शेवटी मी सरांची कल्पना घेतली आणि तिच्यापुढं एक पायरी जोडली. 'विश'ला हात लावायच्या आधी शेजारी 'खरी ओळ' लिहायची. म्हणजे आज प्रत्यक्षात काय आहे ते साध्या इंग्रजीत लिहायचं. मग ती ओळ उलटी करायची, नकार असेल तर होकार आणि होकार असेल तर नकार. आणि शेवटी क्रियापद एक पायरी मागं न्यायचं.

बालाजीलाच फळ्यावर बोलावलं. खरी ओळ, 'आय डू नॉट नो द आन्सर.' उलटी केली, 'आय नो द आन्सर.' एक पायरी मागं, 'आय न्यू द आन्सर.' पुढं 'आय विश' लावलं. तो क्षणभर फळ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे न्यू लिहिलं की मला येत नाही असं कबूलच केलं की."

नेमकं तेच. 'आय विश आय न्यू' म्हणणाऱ्याला माहीत नसतं.

मग म्हटलं, घरची एखादी झालेली गोष्ट सांग जी झाली नसती तर बरं झालं असतं. त्यानं बोअर सांगितला. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून पाडलेला, सहाशे फुटांपर्यंत गेला तरी धुरळाच निघाला. खरी ओळ, 'वुई ड्रिल्ड दॅट बोअर.' इथं क्रियापद आधीच भूतकाळात आहे. उलटं केलं, 'वुई डिड नॉट ड्रिल.' आणखी एक पायरी मागं गेलं की 'हॅड' येतो, 'आय विश वुई हॅड नॉट ड्रिल्ड दॅट बोअर.' 'न्यू' आणि 'हॅड नोन' यांतला फरक मुलांना इथं कळला. खरी ओळ वर्तमानकाळात असेल तर साधा भूतकाळ, खरी ओळ भूतकाळात असेल तर 'हॅड'. मराठीतलं 'असतं तर' जे उघड करत नाही ते खरी ओळ करते.

आता फ्लेक्स. मी विचारलं, याची खरी ओळ काय? वर्ग गप्प. एक मुलगी म्हणाली, "लग्न तर आत्ता लागतंय. संसार अजून सुरूच नाही झाला. खरी ओळ लिहायची कशाची?" मला जे सांगायचं होतं ते तिनंच सांगितलं. उलटं करण्यासारखं खरं काही नसेल तर मागं जाण्याचा प्रश्नच येत नाही. तो आशीर्वाद आहे, आणि आशीर्वादात 'विश'नंतर माणूस आणि मग सरळ द्यायची वस्तू येते, 'विश यू अ हॅपी मॅरीड लाइफ', 'विश यू सक्सेस'. आहेर दिल्यासारखं. अर्जातलं 'आय विश टू इन्फॉर्म यू' हेही असंच, तिथं 'विश' म्हणजे नुसतं 'इच्छितो'. त्यात खंत नाही, म्हणून मागं जाणंही नाही.

आणि पुढच्या महिन्यातली परीक्षा? तिचा निकाल ठरलेलाच नाही. पास होईल किंवा होणार नाही. दार उघडं असेल तिथं 'विश' नको, 'होप' हवं, आणि 'होप'नंतर साधं रूप, 'आय होप आय पास.' 'आय विश आय पास्ड' लिहिणाऱ्या मुलीला मी विचारलं, "नापास होणार हे ठरवूनच टाकलंस का?" तिनं जीभ चावली.

पावसाची वाक्यं

दुसऱ्या दिवशीचा तास मी आखला नव्हता. जूनचा शेवटचा आठवडा होता. मृगात एक पाऊस झाला आणि बालाजीच्या वडिलांनी सोयाबीन पेरून टाकलं. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण शेजाऱ्यानं तिफण जुंपली की घरात बसवत नाही. मग पंधरा दिवस आभाळ नुसतं भरून यायचं आणि निघून जायचं. उगवण करपायला लागली होती. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा उसनवारी.

बालाजीनं वहीत लिहिलं, 'आय विश इट रेन्स.' मग माझ्याकडं बघून 'रेन्स' खोडलं आणि 'रेन्ड' केलं. मग पेन थांबवून म्हणाला, "मॅडम, रेन्ड पण बरोबर वाटंना."

त्याला बरोबरच वाटत नव्हतं. मी म्हटलं, खरी ओळ लिही. त्यानं लिहिली, 'इट इज नॉट रेनिंग.' मागून कोणी म्हणालं, 'इट डझ नॉट रेन मच इन अवर एरिया.' तिसरं एक वाक्य त्याच मुलीकडून आलं, आधी मराठीत, "पाऊस पडायचं नावच घेईना." आम्ही ते इंग्रजीत केलं, 'इट वोन्ट रेन.' भविष्यातलं 'पडणार नाही' नव्हे, हटून बसलेल्या माणसाचं 'पडेना'. आता तिन्ही उलटी करून मागं नेली.

'आय विश इट वेअर रेनिंग.' या क्षणी पाऊस चालू असता तर.

'आय विश इट रेन्ड मोअर इन अवर एरिया.' आपल्याकडं एरवीच जास्त पाऊस असता तर. ही मराठवाड्याची कायमची तक्रार. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांचं वाक्य.

'आय विश इट वुड रेन.' एकदाचा पड बाबा.

बालाजीला हवं होतं ते तिसरं. 'रेन्ड' त्याला खटकलं, कारण साधा भूतकाळ 'विश'सोबत आला की तो नेहमीची स्थिती सांगतो, माहीत असणं, असणं, राहणं, एरवी पडणं. एकदा घडावी अशी घटना, आणि तीही दुसऱ्याच्या मर्जीवर असलेली, तिथं 'वुड' लागतं. शेजारी रात्री गाणी लावतो, तो थांबेना, त्याच्यासाठी 'आय विश ही वुड स्टॉप.' स्वतःसाठी मात्र हे 'वुड' विचित्र लागतं, कारण आपण स्वतःची मनधरणी करत नाही. तिथं 'कुड', 'आय विश आय कुड स्विम.' खरी ओळ 'आय कान्ट'.

एका मुलानं चांगली हरकत घेतली. "पाऊस पडणारच नाही असं कुठं ठरलंय? पडंल की. मग विश कशाला, होप म्हणा." तोही बरोबर होता. 'आय होप इट रेन्स टुनाइट' हे निर्दोष वाक्य आहे. आभाळ दोघांचं एकच. हवामानाचा अंदाज बघून बसलेला 'होप' म्हणेल, पंधरा दिवस वाट बघून वैतागलेला 'विश इट वुड'. कोणतं बरोबर हे आभाळाकडं बघून ठरत नाही, बोलणाऱ्याच्या मनावर ठरतं. मराठीतलं 'पाऊस पडावा' हे विध्यर्थी रूप दोघांनाही पुरतं, म्हणूनच इथं आपला माणूस गोंधळतो. माझा 'नेहमी' इथं उघडा पडला. 'विश'नंतर मागं जायचं हे खरं, पण मागं जाताना कोणत्या पायरीवरून उतरायचं हे खरी ओळ लिहिल्याशिवाय कळत नाही.

तास संपताना बालाजीनं न सांगता चौथं वाक्य लिहून दाखवलं, 'आय विश वुई हॅड वेटेड.' पेरणीबद्दल. त्यात दुरुस्तीला जागा नव्हती.

'इफ ओन्ली'चं काय

रचना तीच, आवाज चढा. 'इफ ओन्ली आय न्यू!' एवढंच वाक्य म्हणून गप्प बसता येतं, जसं आपण 'माहीत असतं तर ना!' म्हणून सुस्कारा टाकतो. मुलांची खरी फजिती होते ती 'ओन्ली'नं. 'ओन्ली' म्हणजे फक्त, म्हणून 'जर फक्त'. आणि मग 'ओन्ली इफ'शी गल्लत. मी दोन मराठी रूपं शेजारी लिहून दिली. 'बोलावलंस तरच येईन' यातला 'तरच' म्हणजे 'ओन्ली इफ', ती अट आहे आणि तिथं साधा वर्तमानकाळ येतो, 'आय विल कम ओन्ली इफ यू कॉल मी.' 'बोलावलं असतंस तर!' ही हळहळ म्हणजे 'इफ ओन्ली', 'इफ ओन्ली यू हॅड कॉल्ड मी!' गल्लत बरीचशी इथंच मिटली.

एकच गाठ राहिली. जुन्या व्याकरणात 'इफ ओन्ली ही कम्स इन टाइम' असंही वाक्य भेटतं, आणि एका मुलानं ते शोधून आणलं. ते चूक नाही. त्याचा अर्थ 'वेळेवर आला म्हणजे मिळवलं', म्हणजे अजून आशा आहे, दार उघडं आहे, म्हणून वर्तमानकाळ. आज हे फार कमी दिसतं, आणि चूक ओळखण्याच्या प्रश्नात त्याच्या भरवशावर बसू नये. पण 'इफ ओन्लीनंतर नेहमी' असं मी आता लिहीत नाही. 'विश'ला मात्र ही सवलत नाही. तिथं आशा बोलायची तर शब्दच बदलून 'होप' घ्यावं लागतं.

पुढं काय झालं

जुलैच्या मध्यात पुन्हा चाचणी घेतली. या वेळी चूक ओळखायची नव्हती. पाच प्रसंग मराठीत दिले आणि इंग्रजीत बोलणाऱ्याचं वाक्य लिहायला सांगितलं. खरी ओळ समासात लिहिणाऱ्यांची बहुतेक वाक्यं नीट आली. समास कोरा ठेवून थेट लिहिणाऱ्यांपैकी काहींनी 'आय विश आय हॅव'च लिहिलं, जणू मधला महिना झालाच नव्हता. 'होप'ची पडझड मात्र थांबली.

बालाजीची पाचही बरोबर आली. पण त्याच आठवड्यात सरावाच्या मुलाखतीत त्याला विचारलं की ही नोकरी का हवी, तर तो म्हणाला, 'आय विश आय गेट धिस जॉब.' म्हणाला आणि लगेच डोळे मिटले. मग सावकाश 'आय होप आय गेट इट' असं दुरुस्त केलं. कागदावर समास असतो, जिभेला नसतो. बोलताना हे कधी आपोआप येईल, याची तारीख मी कोणत्याच विद्यार्थ्याला देत नाही.

आता वेगळं काय करीन

'विश' आणि 'होप' एकाच दिवशी, एकाच फळ्यावर, पहिल्यांदाच. वेगवेगळ्या धड्यांत शिकवले की मूल एकाचा नियम दुसऱ्याला लावतंच, आणि त्यात मुलाचा दोष नाही.

दहा मिनिटं उरली असताना नियम लिहिणार नाही. त्या दिवशी फक्त 'आज अण्णा असायला हवे होते' एवढं वाक्य देऊन मुलांना बसला सोडायला हवं होतं. 'आज'जवळ 'होते' कसं चालतं याचा विचार निलंग्यापर्यंतच्या रस्त्यात झाला असता, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी निभावलं असतं.

चाचणीबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. चूक ओळखण्याचे प्रश्न परीक्षेत येतात, म्हणून ते सोडवून घ्यावेच लागतात. पण त्यात शंभर टक्के मिळवूनही मूल फ्लेक्सवर काय लिहील ते कळत नाही, हे मी पाहिलं. सध्या दोन्ही घेते. मुलं कुरकुरतात.

जुलैत पाऊस आला, सोयाबीन निम्मं वाचलं. बालाजीच्या चुलत्यांनी लग्नाचा फ्लेक्स वाया जाऊ दिला नाही. तो आता गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर टाकलेला आहे, कडेनं दगड ठेवून, छापील बाजू वर. झेंडूची माळ केव्हाच गेली, त्यामुळं 'हॅड' पुन्हा स्वच्छ दिसतो.